‘पोहोचले’ कसं सांगायचं? रात्री दोनचा एक मेसेज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही आजच्या भागाची संहिता. बोलताना जे ‘अं... म्हणजे’ होतं ते काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच आहे.

आज एका मेसेजची गोष्ट सांगते. मेसेज जेमतेम आठ ओळींचा होता. तो इंग्रजीतून मराठीत करायला मला चार मिनिटं लागली आणि निस्तरायला तीन दिवस. आणि माझं पोटापाण्याचं काम काय, तर भाषांतर! हसा.

माझी मावसबहीण, घरात सगळे तिला चिऊ म्हणतात, मागच्या ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेला गेली. मुंबईहून आखातात एक थांबा आणि तिथून शिकागो. पुढे विद्यापीठाचं गाव बसने अडीच-तीन तासांवर. मावशी आणि काका कराडजवळ राहतात. काकांना इंग्रजी वाचता येतं, पण ते बँकेच्या पत्रातलं इंग्रजी. चिऊचं तुटक, निम्मे शब्द गाळलेलं मोबाईलवरचं इंग्रजी त्यांना समजत नाही. मावशी तर सरळ म्हणते, ‘मला मराठीत पाठवा, नाहीतर पाठवू नका.’ म्हणून ठरलं होतं की चिऊ मला कळवणार आणि मी मराठीत लिहून मावशीला पाठवणार. चिऊला देवनागरी टाइप करायला वेळ लागतो आणि विमानतळावरच्या फुकट वाय-फायवर तिला फोन लावायची खात्री नव्हती.

विमान शिकागोला उतरलं तेव्हा तिथे दुपारचे १२.४० झाले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११.१०. ऑगस्टमध्ये शिकागो आपल्या साडेदहा तास मागे असतं. काकांनी मोबाईलवर विमानाचा नकाशा उघडून ठेवलेला. त्यात ‘उतरलं’ असं दिसलं आणि त्यानंतर काहीच नाही. बारा वाजले, एक वाजला. एक पन्नासला मला मेसेज आला. वाचून दाखवते:

‘रीच्ड शिकागो सेफली. इमिग्रेशन टुक फॉरेव्हर. दे टुक मी टू अ सेपरेट रूम अँड क्वेश्चन्ड मी, बट ऑल गुड. वन बॅग मिसिंग. ॲम फाइन, जस्ट डेड टायर्ड. फोन ॲट सिक्स पर्सेंट. डोंट वरी. विल कॉल व्हेन आय कॅन. टेल आई-बाबा.’

तुम्हीआम्ही हे वाचलं की काय म्हणतो? पोहोचली, झालं. मी अंथरुणातच उठून बसले आणि धडाधड टाइप केलं:

‘मी शिकागोला सुरक्षितपणे पोहोचले आहे. इमिग्रेशनला खूप वेळ लागला. मला एका वेगळ्या खोलीत नेऊन माझी चौकशी केली, पण सगळं ठीक आहे. मी ठीक आहे, फक्त प्रचंड थकले आहे. फोनची बॅटरी संपत आली आहे. चिंता करू नका. जमेल तेव्हा फोन करीन.’

बॅगेची ओळ मी गाळली. मुद्दाम गाळली, मध्यरात्री कशाला डोक्याला ताप म्हणून. त्यावर नंतर येते.

पाठवलं आणि दोन मिनिटांत मावशीचा फोन. आवाज बसलेला. ‘चौकशी कसली गं? पोलीस होते का? तिला कुठे ठेवलंय?’

मंडळी, त्या मेसेजमध्ये एकही शब्द चुकीचा नव्हता. शब्दकोश काढून बघा, प्रत्येक शब्द बरोबर आहे. तरी ज्या बाईला मुलगी पोहोचली हे कळायला हवं होतं, तिला कळलं की मुलगी कोठडीत आहे. का, ते सांगते.

पहिला शब्द ‘सुरक्षित’. आपण हा शब्द कुठे ऐकतो? पुरात अडकलेल्यांना सुरक्षित स्थळी हलवलं, अपघातात प्रवासी सुरक्षित. तो बातमीतला शब्द आहे आणि तो आला की मागे काहीतरी संकट होतं हे आपोआप येतं. ‘सेफली’ म्हणताना चिऊच्या मनात संकटबिंकट काही नव्हतं. त्यासाठी आपल्याकडे घरचा शब्द आहे, ‘सुखरूप’. मावशी स्वतः एसटीने साताऱ्याहून आली तरी म्हणते, ‘सुखरूप आले बाई’.

मग ‘चौकशी’. हा शब्द फार गंमतीचा आहे. ‘शेजारच्या काकू तुझी चौकशी करत होत्या’ म्हटलं तर त्यात माया आहे. ‘साहेबांनी चौकशी लावली’ म्हटलं तर नोकरी धोक्यात. शब्द तोच, पण कोण करतंय त्यावर सगळं अवलंबून. करणारा अधिकारी असेल, त्यात वेगळी खोली असेल आणि ‘नेऊन’ असेल, तर मराठी माणूस थेट पोलीस ठाण्यात पोहोचतो. ‘नेऊन’ हा एवढासा शब्द, पण तो ओढत नेल्यासारखा वाटतो. कर्ता कोण ते मी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे ते कोणीही असू शकत होतं.

प्रत्यक्षात झालं काय होतं? अमेरिकेत विमानातून उतरलं की आधी एका काउंटरवर अधिकारी पासपोर्ट, व्हिसा आणि विद्यापीठाने दिलेला आय-ट्वेंटी नावाचा कागद बघतो. कशाची नोंद पुन्हा तपासायची असेल, तर तो तुम्हाला बाजूच्या दुसऱ्या तपासणीला पाठवतो. पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे होत असतं. तिथे बाकांवर बसायचं, नाव पुकारलं की जायचं. कुठे शिकणार, फी कोण भरणार, राहणार कुठे, असे प्रश्न. आपला नंबर यायलाच तास-दीड तास जाऊ शकतो. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या खोलीत मोबाईल वापरू देत नाहीत. म्हणजे काका-मावशी ज्या शांततेला घाबरले होते, तिचं साधं कारण हेच होतं. चिऊच्या मेसेजमध्ये ते नव्हतं, कारण तिला ते माहीत होतं. आणि मी लिहिलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

तिसरी गोष्ट ‘पण’. इंग्रजीत ‘बट ऑल गुड’ हे तीन शब्द झाडूसारखे मागचं सगळं साफ करून टाकतात. मराठीत ‘पण सगळं ठीक आहे’ मध्ये तेवढं बळ नाही. उलट आपल्याकडे वाईट बातमी सांगणारा माणूस बरोबर याच क्रमाने बोलतो ना? ‘पडले जरा, दवाखान्यात नेलं, पण आता ठीक आहे.’ ऐकणारा ‘दवाखान्यात’ला अडकतो, पुढचं त्याला ऐकूच येत नाही. म्हणून शेवट काय झाला ते आधी आणि कसा झाला ते नंतर, हा क्रम ठेवावा लागतो.

आणि ‘ठीक’. ‘हाऊ आर यू’ला ‘फाइन’ म्हणतात तो नुसता पावतीचा शिक्का असतो. मराठीत आईने ‘कशी आहेस’ विचारलं आणि तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणालात, तर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘काय झालं?’ ‘ठीक’ म्हणजे थोडं कमीच. ‘मी बरी आहे’ लिहावं का असं मला वाटलं होतं, पण ते तर आजारातून उठल्यासारखं. ‘डेड टायर्ड’मधलं ‘डेड’ मी काढलं हे बरं केलं, पहिल्या रात्री आईला मरणाचा शब्द कोण लिहितं! पण ‘प्रचंड थकले आहे’ हेही औषधाच्या जाहिरातीतलं वाक्य झालं. घरी आपण म्हणतो, ‘बसून बसून अंग आंबलंय.’ त्यातून कळतं की दमणूक प्रवासाची आहे, आजाराची नाही.

खरं सांगायचं तर मावशीच्या भाषेत मुलगी बरी असण्याचा पुरावा एकच असतो, ती जेवली का. जेवली असेल तर बाकी सगळं चालतं.

राहिलं ‘जमेल तेव्हा’. ‘व्हेन आय कॅन’ म्हणजे शक्य होताक्षणी. ‘जमेल तेव्हा’ म्हणजे? लग्नाचं आमंत्रण टाळताना आपण ‘जमलं तर येतो’ म्हणतो, तसंच ते वाजतं. रात्री दोन वाजता जाग्या आईला त्याचा काहीही उपयोग नाही. तिला घड्याळातली वेळ हवी असते, तीही आपल्या घड्याळातली.

तर मावशीला फोनवर म्हटलं, ‘मावशी, पोलीस नाहीत, काही नाही. ती बाहेर आलीये. मला दहा मिनिटं दे.’ आणि भाषांतराआधी जे करायला हवं होतं ते आता केलं. चिऊला तीन प्रश्न पाठवले: सोबत कोण आहे, काही खाल्लंस का, पुढे फोन कुठून करशील. सहा टक्के बॅटरीवर तिचं उत्तर आलं. त्याच विद्यापीठाला जाणाऱ्या दोन मुली सोबत होत्या, त्यातली एक नागपूरची. बॅगांची वाट बघताना तिने उरलेल्या दशम्या संपवल्या होत्या. बस साडेचारला, बसमध्ये चार्जिंग. खोलीवर पोहोचायला संध्याकाळचे साडेसात वाजतील, म्हणजे आपल्याकडे सकाळचे सहा.

मग दोन वाजून दहा मिनिटांनी दुसरा मेसेज गेला:

‘मावशी, चिऊ शिकागोला सुखरूप पोहोचली. इमिग्रेशनचं काम पूर्ण झालं, ती आता विमानतळाच्या बाहेर आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांचे कागद कधीकधी दुसऱ्या टेबलावर पुन्हा बघतात, तसे तिचे बघितले. शिकणार कुठे, राहणार कुठे एवढंच विचारलं. तिथे मोबाईल वापरू देत नाहीत, म्हणून इतका वेळ मेसेज आला नाही. तुझ्या दशम्या तिने आत्ता खाल्ल्या. बसून बसून अंग आंबलंय म्हणाली, बाकी मजेत. सोबत तिच्याच विद्यापीठाच्या दोन मुली आहेत, एक नागपूरची. आता तिघी बसने निघतील. फोन चार्ज करून खोलीवर पोहोचली की ती स्वतः बोलेल, आपल्या सकाळी आठच्या आत. तुम्ही दोघं आता झोपा.’

यातल्या दोन-तीन गोष्टी जरा उलगडून सांगते. पहिल्या मेसेजमध्ये मी ‘मी पोहोचले’ असं चिऊच्या तोंडून लिहिलं होतं. मावशीने नंतर सांगितलं की ते वाचून तिला आणखीच धास्ती वाटली, कारण ‘ही आमची चिऊ बोलतच नाही’. सात वाक्यं एकीचा चेहरा लावून दुसरीच बोलत होती. दुसऱ्यात मी माझ्या तोंडूनच सांगितलं. पण तिथेही एक खड्डा असतो. तिसऱ्याचं बोलणं सांगताना मराठीत पटकन ‘म्हणे’ येतं. ‘पोहोचली म्हणे’, ‘जेवली म्हणे’. हा ‘म्हणे’ आला की वाक्यावरचा आपला हात निघाला, ऐकीव गोष्ट झाली. ‘म्हणाली’ चालतं, ‘म्हणे’ नाही.

दुसरं, वेळ. चिऊचा हिशेब सहाचा होता, मी आठ लिहिलं. दिलेली वेळ चुकली की न दिलेल्या वेळेपेक्षा जास्त घाबरवते. बस उशिरा सुटते, किल्ली मिळायला वेळ लागतो, वाय-फायचा पासवर्ड चालत नाही. म्हणून जी वेळ नक्की पाळता येईल तीच सांगायची. ती सहा चाळीसला बोलली, तेव्हा मावशीच्या लेखी ती लवकर बोलली होती.

आणि ‘चिंता करू नका’ मी काढूनच टाकलं, त्याऐवजी ‘झोपा’. कुठलीही आई काळजी करू नको म्हटलं म्हणून थांबत नाही. झोप म्हटलं तर कदाचित झोपते. ती झोपली, निदान काका झोपले.

इथे एक आडवळण. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्यानंतर पत्र समुद्रमार्गे परत यायला पुन्हा कित्येक आठवडे. माझ्या आजीकडे जुन्या पत्रांचा एक गठ्ठा आहे, त्यातलं प्रत्येक पत्र ‘इकडील सर्व क्षेम’ने सुरू होतं, अगदी ज्या पत्रात कोणाच्या तरी टायफॉइडची बातमी आहे तेही. पत्र हातात पडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं, म्हणून ते ठराविक वाक्य चालून जायचं. आपल्या मेसेजला ती सूट नाही. तो वाचणारा त्याच मिनिटाला उलटा फोन लावतो.

आता बॅग.

दुसऱ्या मेसेजमध्येही मी बॅग गाळली होती. स्वतःला सांगितलं की धीर द्यायचा तर एवढं चालतं. सकाळी सहा चाळीसला चिऊचा व्हिडिओ कॉल आला, मावशीने मलाही त्यात घेतलं. सगळे हसतायत, खोली दाखवणं चाललंय. मावशी म्हणाली, ‘अगं तेच कपडे अंगावर? आंघोळ करून बदल की.’ चिऊ सहज म्हणाली, ‘बॅगच आली नाहीये ना आई. ताईला लिहिलं होतं मी.’

मावशी एक शब्द बोलली नाही. कॉल संपल्यावर तिने मला वेगळा फोन केला. मला वाटलं रागावेल. तिने एवढंच विचारलं, ‘मग त्या खोलीचं तू सांगितलंस, ते तरी खरं होतं का?’

मला काय उत्तर द्यावं कळेना. ते खरंच होतं, अक्षर न् अक्षर. पण आता ते खरं आहे हे पटवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. एक गोष्ट लपवली आणि दहा खऱ्या गोष्टी संशयात गेल्या. शिवाय त्या बॅगेत चिऊच्या थायरॉइडच्या गोळ्या होत्या. हे मावशीला माहीत होतं, कारण बॅग तिने भरली होती. मला माहीत नव्हतं. मी ती ओळ पोहोचवली असती तर मावशीने रात्रीच सांगितलं असतं, की गोळ्यांची एक पट्टी पर्सच्या आतल्या कप्प्यातही ठेवलीये. चिऊ ती पट्टी सकाळभर शोधत नव्हती, कारण ती आहे हेच तिला माहीत नव्हतं.

तेव्हा ती ओळ कशी लिहायला हवी होती? नंतर बसून लिहून पाहिली:

‘दोनपैकी एक बॅग या विमानात आली नाही. तिने विमानतळावरून निघायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवली, नंबर मिळालाय. अशा बॅगा बहुतेकदा मागच्या विमानाने येतात आणि दिलेल्या पत्त्यावर पोहोचवतात. पासपोर्ट, पैसे आणि कॉलेजचे कागद तिच्या खांद्यावरच्या बॅगेत आहेत. हरवलेल्या बॅगेत लगेच लागणारं काही होतं का? तुला आठवत असेल तर मला लिही, मी तिला कळवते.’

यात ‘मिसिंग’चं ‘हरवली’ मी पहिल्या वाक्यात केलं नाही. हरवली म्हणजे गेली. ‘या विमानात आली नाही’ एवढंच त्या क्षणी खरं होतं. (शेवटच्या ओळीत तरी घसरलेच, ‘हरवलेल्या’ असं लिहून. ‘राहिलेल्या’ हवं होतं.) आणि शेवटचा प्रश्न आहे तो मावशीला गप्प करण्यासाठी नाही, तिच्याकडे जे आहे ते विचारण्यासाठी आहे. मात्र तक्रार नोंदवली नसती, तर हे वाक्य लिहिता आलं नसतं. मग ‘अजून नोंदवलेली नाही, बस सुटायच्या आत नोंदव असं तिला सांगितलंय’ असंच लिहावं लागलं असतं. धीराचं वाक्य बनवून घालता येत नाही, त्याला आधी तिकडे काहीतरी झालेलं असावं लागतं.

बॅग तिसऱ्या दिवशी आली. आतली गोडा मसाल्याची पिशवी फुटली होती, चिऊचे सगळे स्वेटर अजून त्या वासाचे आहेत.

परवा ती सुट्टीत मैत्रिणींबरोबर दुसऱ्या गावी गेली होती, तिथून परत खोलीवर आली. मला इंग्रजीत दोन ओळी आल्या, मी मराठीत मावशीला पाठवल्या: ‘चिऊ खोलीवर सुखरूप पोहोचली, खिचडी लावलीये.’ मिनिटभरात उत्तर आलं: ‘बरं. आणि काय?’

मी चिऊचा मेसेज पुन्हा उघडून बघितला आणि लिहिलं, ‘बस एक तास उशिरा होती, आणि छत्री बसमध्ये विसरली.’

‘हां,’ मावशीने लिहिलं. ‘आता झोपते.’